परिपाठातली तीन मिनिटं: तंबाखूची जाहिरात मुलांकडेच का वळते, हे एका शाळेत कसं सांगितलं गेलं

पार्श्वभूमी

सोलापूर शहरातली एक अनुदानित माध्यमिक शाळा, पाचवी ते दहावीची. शाळेचं नाव इथे दिलेलं नाही, माणसांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही बारीक तपशील बदलले आहेत. भाषणाच्या तयारीत मी बाहेरून थोडी मदत करत होतो, त्यामुळे आतली चर्चा कानावर होती.

जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी असतो. तेव्हा आपल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते, आणि तो दिवस परिपाठाच्या वाट्याला कधीच येत नाही. म्हणून बऱ्याच शाळा हा विषय २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला जोडून घेतात. या शाळेनेही तेच केलं. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि बातम्या झाल्या की एका विद्यार्थ्याचं तीन मिनिटांचं भाषण. विषय मराठीच्या बाईंनी दिला होता: ‘तंबाखूच्या जाहिराती तरुणांनाच मुद्दाम का लक्ष्य करतात?’ बोलणार होती नववीतली एक मुलगी. वाचनाची आवड, आवाज खणखणीत, आधी दोनदा वक्तृत्व स्पर्धेत बोललेली.

सोलापूरची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. या शहरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. कारखान्यातून पाला आणि तंबाखू आणायची, विड्या वळून जुड्या बांधायच्या आणि परत नेऊन द्यायच्या, हा कित्येक घरांचा रोजचा क्रम आहे. या शाळेतल्या बऱ्याच मुलांच्या आया हेच काम करतात. म्हणजे ऐकणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे तंबाखूच्याच धंद्यातून येत होते.

अडचण

मुलीने पहिला मसुदा दोन दिवसांत आणला. ‘तंबाखू हा समाजाला लागलेला शाप आहे’ अशी सुरुवात, मग कर्करोग, हृदयविकार, फुप्फुसं, धुरातली विषारी रसायनं, आणि शेवटी ‘चला, आजच शपथ घेऊया’. वाचायला काही वाईट नव्हतं. अशी भाषणं आपण सगळ्यांनी ऐकलेली आहेत आणि बहुतेक विसरलेली आहेत.

बाईंनी एक साधी कसोटी लावली. मसुद्यातून ‘तरुण’ आणि ‘जाहिरात’ हे दोन शब्द खोडून बघ, म्हणाल्या, भाषण अडतं का? अडत नव्हतं. दोन्ही शब्द एकेकदाच आले होते आणि काढले तरी काही बिघडत नव्हतं. म्हणजे विषय एक होता आणि भाषण दुसऱ्याच गोष्टीवर होतं.

दुसरी अडचण जास्त अवघड होती. विषयात ‘मुद्दाम’ असा शब्द आहे. मुद्दाम म्हटलं की हेतूचा आरोप झाला, आणि आरोपाला पुरावा लागतो. ‘कंपन्यांना पैसे हवे असतात’ हा काही पुरावा नव्हे. पैसे साबणवाल्यालाही हवे असतात.

समोर असलेले पर्याय

विज्ञानाच्या सरांचं मत होतं की मुलांना चित्रं दाखवावीत. तोंडाच्या कर्करोगाची मोठी छायाचित्रं दोन मुलांनी हातात धरायची आणि भाषण त्यावर करायचं. सर काही उगाच बोलत नव्हते. त्यांच्या नात्यातला एक माणूस याच आजाराने गेला होता. पण बाईंचा आक्षेप असा होता की पाचवीतल्या मुलाला भीती वाटेल आणि नववीतल्याला काहीच वाटणार नाही, कारण तो रोज पुडीवर तेच चित्र बघतो. शिवाय चाळीस वर्षांनी होणारा आजार चौदा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो.

मुख्याध्यापकांना कायद्यावर भर हवा होता. २००३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकता येत नाही, शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विकता येत नाही, आणि जाहिरातीवर बंदी आहे. माहिती खरी आणि उपयोगाची. पण ‘तुम्ही लहान आहात, म्हणून हे तुमच्यासाठी नाही’ हे वाक्य मुलांच्या कानात कसं उतरतं, याचा एक जुना धडा अमेरिकेत मिळालेला आहे. १९९८ मध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने स्वतःच मुलांसाठी ‘विचार करा, ओढू नका’ अशा आशयाची मोहीम चालवली. त्या जाहिराती पाहिलेल्या मुलांचा कल सिगारेटपासून दूर जाण्याऐवजी थोडा तिकडेच झुकलेला अभ्यासकांना आढळला. मोठ्यांची गोष्ट म्हणून समोर ठेवलेली वस्तू हवीशी वाटते, हे त्या वयाच्या मुलांच्या घरी राहणाऱ्या कुणालाही पटेल.

त्याच वर्षी फ्लोरिडा राज्याने उलटा मार्ग धरला. आजारांची यादी बाजूला ठेवून ‘या कंपन्या तुम्हाला कसं फसवतात ते बघा’ एवढंच मुलांनी मुलांना सांगायचं. दोन वर्षांत तिथल्या सहावी ते आठवीच्या मुलांमधलं सिगारेटचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी आणि त्यावरच्या वर्गांतलं १८ टक्क्यांनी खाली आलं. त्या काळात तिथे इतरही प्रयत्न चालू होते, सगळं श्रेय एका मोहिमेला देता येणार नाही. पण दिशा पुरेशी स्पष्ट होती. त्या वयात मुलांना आजाराची भीती फारशी शिवत नाही, पण कुणी आपल्याला मूर्ख बनवतंय याचा राग चटकन येतो. बाईंनी हा तिसरा पर्याय निवडला, म्हणजे धंद्याचा हिशेब उघडून दाखवायचा.

पहिला निर्णय: पुरावा कोणता घ्यायचा

पुरावे भरपूर आहेत. अमेरिकेत १९९० च्या दशकात तंबाखू कंपन्यांवर जे खटले झाले, त्यांत कंपन्यांची आतली कागदपत्रं न्यायालयात उघडी पडली. आज लाखो पानं सॅन फ्रान्सिस्को इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहात कुणालाही वाचता येतात. त्यांतले तीन कागद मी बाईंपुढे ठेवले.

सगळ्यात प्रसिद्ध कागद आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीचा, १९८४ चा. गेलेल्या गिऱ्हाइकांच्या जागी नवे मिळण्याचा एकमेव स्रोत म्हणजे तरुण, असं त्यात सरळ लिहिलं आहे. पण त्या कागदात ‘तरुण प्रौढ’ म्हणजे अठराच्या वरचे, अशी व्याख्या आहे. उद्या कुणी पालक म्हणाले, की अठराच्या वरच्यांना विकणं कायद्याने गुन्हा नाही, तर मुलीकडे उत्तर नसतं. १९७८ चा लोरिलार्ड कंपनीचा कागद जास्त उघड आहे: आमच्या धंद्याचा पाया हा हायस्कूलचा विद्यार्थी आहे. आणि १९८१ मध्ये फिलिप मॉरिसच्या एका संशोधकाने कंपनीसाठी लिहिलेल्या अहवालात म्हटलं आहे, की आजचा किशोरवयीन मुलगा हा उद्याचा संभाव्य कायमचा ग्राहक आहे, आणि बहुसंख्य लोक सिगारेटची सुरुवात त्याच वयात करतात.

१९८१ चाच घ्यायचं ठरलं. त्यात वयाचा मुद्दा निःसंदिग्ध आहे आणि कारणही त्याच वाक्यात आहे. तीन मिनिटांत एकच कागद पेलतो, हेही होतंच.

दुसरा निर्णय: अमेरिका सोलापुरात कशी आणायची

इथे मुलीनेच अडवलं. ‘बाई, आपल्याकडे सिगारेट कोण ओढतं? सगळे मावा खातात. माव्याची जाहिरात तर कुठे नसते.’ बरोबर होतं. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून टपरीवर तयार होणाऱ्या माव्याला टीव्हीवर जाहिरात नाही. विडीलाही जवळजवळ नाही. आजी दातांना मिश्री लावते ती काही जाहिरात बघून नव्हे. प्रत्येक व्यसन जाहिरातीतून येतं असं भाषणात म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं, आणि मुलांनी ते तिथल्या तिथे ओळखलं असतं.

मग इथली जाहिरात शोधायची कुठे? बाईंनी मुलीला दोन दिवस फक्त बघायला सांगितलं. तिने वहीत टिपून आणलेलं असं होतं: टपरीवर पुड्यांच्या माळा चॉकलेटच्या बरण्यांच्या अगदी वर टांगलेल्या असतात, म्हणजे चॉकलेट घ्यायला वर बघितलं की आधी पुडी दिसते. पुड्यांचे रंग गोळ्यांच्या कागदासारखेच चकचकीत. एक पुडी खाऊच्या पैशांत येते. आणि क्रिकेटच्या सामन्यात षटक संपलं की मोठा नट वेलचीची पुडी उघडतो, त्या पुडीवरचं नाव मात्र पान मसाल्याचं असतं. महाराष्ट्रात गुटखा आणि पान मसाल्यावर २०१२ पासून बंदी आहे. वस्तू विकता येत नाही, पण तिचं नाव वेलचीच्या आडून घरात येतंच. अशा छुप्या जाहिरातीला तंबाखूवरची जाहिरातबंदी सहज लागू होत नाही, कारण कागदोपत्री ती वेलचीची असते.

भाषणाचा दुसरा भाग या टिपणातून तयार झाला.

तिसरा निर्णय: कुणाला दुखवायचं नाही

मसुद्यात ‘तंबाखूवाले’ असा शब्द पाच-सहा ठिकाणी होता. बाईंनी तो सगळीकडून काढला. विडी वळणारी आई तंबाखूवालीच ठरते, आणि तिच्या मुलाला मैदानात मान खाली घालावी लागते. त्याऐवजी ‘जाहिरात करणारी कंपनी’ असं लिहिलं. बदल छोटा होता, पण जाहिरातीचा निर्णय खरोखर जो घेतो त्याच्याकडेच बोट गेलं.

फाटकासमोरच्या टपरीचं काय? तिच्या मालकाचा मुलगा याच शाळेत सातवीत होता. मुलीला टपरीचा उल्लेख करायचा होता, कारण तिचं निरीक्षण तिथलंच होतं. ठरलं असं, की भाषणात फक्त ‘एखादी टपरी’ म्हणायचं आणि फाटकासमोरच्या टपरीचं काम मुख्याध्यापकांनी वेगळं करायचं. मोठ्यांनी करायचं काम नववीतल्या मुलीच्या तोंडून करून घेणं मला स्वतःलाही रुचलं नसतं.

कंपन्यांची नावं घ्यायची की नाही, यावर बराच वेळ गेला. नाव घेतलं तर माईकवरून फुकट जाहिरात होते. न घेतलं तर मुद्दा अधांतरी राहतो. शेवटी एकही नाव घ्यायचं नाही असं ठरलं.

भाषण

शेवटचा मसुदा असा होता:

“आदरणीय मुख्याध्यापक, गुरुजन आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तंबाखूने काय होतं ते मी आज सांगणार नाही. ते पुडीवरच छापलेलं असतं. तंबाखूची जाहिरात करणारी कंपनी आपल्याकडे का बघते, ते मी सांगणार आहे.

आपल्या शाळेतून दर वर्षी दहावीची मुलं बाहेर पडतात आणि पाचवीत नवीन मुलं येतात. समजा, यापुढे पाचवीत कुणीच आलं नाही. सहा वर्षांनी या मैदानात कोण उभं असेल? कुणीच नाही.

कंपनीलाही हीच भीती असते. तिची काही गिऱ्हाइकं व्यसन सोडतात. खूप गिऱ्हाइकं तिचाच माल खाऊन मरतात. आपल्या देशात तंबाखूमुळे दर वर्षी तेरा लाखांच्या आसपास माणसं मरतात. त्यांच्या जागा कोण भरणार? ज्या काकांनी चाळीस वर्षांत तंबाखूला हात लावला नाही, ते आता सुरुवात करतील का? नाही करणार. सुरुवात होते ती आपल्या वयात. म्हणून कंपनीला आपण हवे आहोत.

हे माझ्या मनाचं नाही. १९८१ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या सिगारेट कंपनीच्या माणसाने कंपनीच्या आतल्या अहवालात लिहिलं: आजचा किशोरवयीन मुलगा हा उद्याचा संभाव्य कायमचा ग्राहक आहे. तो कागद लोकांना दाखवण्यासाठी नव्हता. खटले झाले तेव्हा तो बाहेर आला.

त्याच देशात एका सिगारेटच्या जाहिरातीत उंटाचं कार्टून होतं. १९९१ साली सहा वर्षांच्या मुलांना ते दाखवलं, तर दहांतल्या नऊ मुलांनी ते बरोबर सिगारेटशी जोडलं. मिकी माउसला जितकी मुलं ओळखत होती, जवळजवळ तितकीच या उंटाला. मोठ्या माणसाला सिगारेट विकायला कार्टून लागतं का?

आता आपल्याकडे बघा. एखाद्या टपरीवर पुड्यांची माळ कुठे असते? चॉकलेटच्या बरणीवर. पुडीची किंमत किती? आपल्या खाऊच्या पैशांइतकी. सामना बघताना आपला आवडता नट काय उघडतो? वेलची. आणि त्या वेलचीचं नाव तुम्ही आधी कशावर वाचलंय, ते आठवा.

आपल्यापैकी कुणाची आई, कुणाचे वडील या धंद्यात काम करतात. जाहिरात ते ठरवत नाहीत. मी बोलतेय ते ठरवणाऱ्यांबद्दल.

आज घरी जाताना एकच करा. कुठलीही पुडी दिसली, की ती किती उंचीवर आणि कशाच्या शेजारी ठेवली आहे, ते बघा. आणि ती तिथे कुणासाठी ठेवली असेल, ते तुम्हीच ठरवा. धन्यवाद.”

शाळेचं उदाहरण ऐकून मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठी पडली होती. शाळेची तुलना तंबाखू कंपनीशी? पण पटसंख्येची काळजी त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती, आणि ते उदाहरण राहिलं.

परिणाम

भाषण साडेतीन मिनिटं चाललं. ‘सहा वर्षांनी कोण उभं असेल?’ यावर पाचवीच्या रांगेतून ‘कुणीच नाही!’ असं मोठ्याने आलं, आणि तिथून पुढे मैदान ऐकत होतं.

वेलचीच्या वाक्यावर मात्र कुणालाच न सुचलेली गोष्ट घडली. सहावीतल्या एका मुलाने त्या जाहिरातीतलं वाक्य नटाच्या आवाजात म्हटलं, आणि पाठोपाठ दोन-तीन रांगांनी कंपनीचं नाव ओरडून पूर्ण केलं. हशा पिकला. नाव घ्यायचं नाही हा निर्णय तिथेच बारगळला. मुलगी क्षणभर थांबली आणि कागदावर नसलेलं वाक्य बोलली: ‘बघा, मी नाव घेतलंच नव्हतं.’ मला विचाराल तर अख्ख्या भाषणातला सगळ्यात पक्का पुरावा तोच होता. विज्ञानाच्या सरांचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते त्या दोन मिनिटांत जाहिरात जिंकली, कारण लहान मुलं वर्गात जाताना तेच वाक्य म्हणत गेली. दोन्ही खरं असू शकतं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी आठवी-नववीच्या तासाला, भाषणातलं काय आठवतं ते चिठ्ठीवर लिहायला सांगितलं. बहुतेक चिठ्ठ्यांत रिकाम्या होणाऱ्या शाळेचा हिशेब आणि चॉकलेटच्या बरणीवरची माळ होती. १९८१ चा कागद थोड्यांनीच लिहिला, उंट त्याहून जास्त जणांनी. पाचवी-सहावीला चिठ्ठ्या दिल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या मनात नेमकं काय राहिलं, ते कळायला मार्ग नाही. आणि आठवण राहणं म्हणजे पुडी न घेणं नव्हे, हे बाईंनी स्वतःच बोलून दाखवलं. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत तेरा ते पंधरा वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरत असल्याचं आढळलं होतं. त्या मैदानातही अशी मुलं उभी असणार, आणि एका भाषणाने ती सोडतील असं कुणी धरलं नव्हतं.

फाटकासमोरच्या टपरीचं अंतर मुख्याध्यापकांनी शिपायाला घेऊन टेपने मोजलं. शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर, आणि टपरी त्याच्या खूपच आत होती. त्यांनी आधी मालकाला शाळेत बोलावून चहा दिला आणि मग लेखी पत्र दिलं. या कलमाखाली दंड फार तर दोनशे रुपये आहे, म्हणजे धाक असा काही नाही. माळा आत गेल्या आणि बरण्या पुढे आल्या. गणपतीच्या सुमारास त्यातली एक माळ परत बाहेर आली होती.

वेगळं काय करता आलं असतं

भाषणानंतर आठवीतल्या एका मुलाने बाईंना व्हरांड्यात गाठून विचारलं, ‘एवढं माहीत आहे, तर सरकार कंपन्या बंदच का करत नाही?’ परिपाठात प्रश्नांना जागा नसते. रांगा वळतात आणि तास सुरू होतो. त्या प्रश्नाचं उत्तर कर, शेतकरी, विडी कामगार आणि चोरटा व्यापार या सगळ्यांतून जातं, आणि सोलापुरात तर ते घरातूनच जातं. त्याच दिवशी पहिल्या तासाची दहा मिनिटं वर्गशिक्षकांना यासाठी राखून ठेवायला हवी होती. तीन मिनिटांचं भाषण प्रश्न उभा करू शकतं, सोडवायला वर्गच लागतो.

पाचवी-सहावीसाठी १९८१ चा कागद बहुधा वायाच गेला. त्या मुलांसाठी उंटाची गोष्ट आधी यायला हवी होती आणि कागद एका वाक्यात उरकायला हवा होता. मोठ्यांना पुरावा लागतो, लहानांना चित्र लागतं. एकाच मैदानात दोघं असतील तर चित्र आधी घेणं बरं.

‘घरी जाताना पुडी बघा’ या शेवटच्या सूचनेवर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. मुलांना बघायला लावलं की ती हिशेबी नजरेने बघतात, हे खरं. पण ज्याने आजवर त्या माळेकडे लक्षच दिलं नव्हतं, अशा पाचवीतल्या मुलालाही आपण तिकडे वळवतो. बाईंनी पुढच्या वर्षासाठी ही सूचना फक्त आठवी ते दहावीला, वर्गात द्यायची असं ठरवलं आहे. शिवाय मुलांनी टपरीपाशी जाऊन निरखायचं नाही, वाटेत सहज जे दिसेल तेवढंच वहीत उतरवायचं.

वेलचीच्या वाक्याचं काय करायचं, यावर शिक्षकखोलीत अजून एकमत नाही. सर म्हणतात, काढून टाका. मुलीचं म्हणणं आहे की ते ठेवावं, पण मुलं ओरडणार हे गृहीत धरून त्याच्या पुढचं वाक्य आधीच लिहून ठेवावं. ती आता दहावीत आहे आणि पुढचं भाषण आठवीतला एक मुलगा करणार आहे. त्याचा मसुदा तपासायचं काम बाईंनी तिच्याकडेच दिलं आहे.